पुढे आलेला 'ले'

माझ्या माहेरच्या गावात स्पॅनिश नावाची भाषा जगात असते हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नव्हतं म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं. आम्ही तापीकाठचे गुजर. कापूस, केळी आणि घरातल्या बायकांचं तोंड बंद, या तिन्ही गोष्टी आमच्याकडे चांगल्या पिकत. मी मराठी सातवी पास झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, आणि नवऱ्याने मला टाकलं तेव्हा त्याच वडिलांनी सातवीला दोष दिला. पोरगी शिकली की उलटून बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी उलटून बोलले होते हे खरं आहे. पण ते सातवीमुळे नव्हतं.

तर मी तळोद्याजवळच्या मिशनच्या दवाखान्यात कामाला लागले. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. दवाखाना म्हणजे कौलारू लांब खोली, बारा खाटा, मागे स्वयंपाकघर आणि पुढे औषधाची खिडकी. चालवणारी एक स्पॅनिश सिस्टर होती. डॉक्टर नव्हती, पण तिच्या हाताला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत असे. तिला इंग्रजी कामापुरतं येई आणि मराठी त्याहून कमी. मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं की मराठी तिने माझ्याकडून शिकायचं आणि स्पॅनिश मी तिच्याकडून. ती मराठी फारशी शिकली नाही. मी मात्र शिकले, कारण मला दुसरं जायला ठिकाण नव्हतं.

दवाखान्यात भाषा शिकायची म्हणजे आधी हुकूम शिकायचे. दे, आण, धू, बस, उठव. 'दाले' म्हणजे त्याला दे किंवा तिला दे. 'दा' म्हणजे दे, आणि 'ले' म्हणजे त्याला किंवा तिला, आणि दोन्ही एकाच शब्दात लिहायचे. 'त्राएमे', मला आणून दे. 'लाबाला', तिला धू, म्हणजे बाटलीला, कारण बाटली त्यांच्याकडेही बाईच. मला हे सोपं गेलं. करायचं काम आणि ज्याचं करायचं तो माणूस, दोघं चिकटून. आमच्या गावच्या पदराच्या गाठीसारखं.

घोळ झाला तो 'नको'चा. एकदा मी उकळायला ठेवलेल्या सुया उचलायला गेले, तर सिस्टर काहीतरी ओरडली. मी हात भांड्यात तसाच धरून वाट पाहत होते. कशाची, ते तिला कळेना. 'नो' तिने आधीच म्हणून टाकलं होतं, आणि मी शेवटच्या 'नको'ची वाट पाहत होते. आमच्याकडे 'घेऊ नको' म्हणताना 'नको' शेवटी येतं, घरच्या बोलीतही तसंच, तेव्हा माझा कान वाक्याच्या शेपटाशी जाऊन बसला होता. तोवर माझी बोटं भाजली होती.

त्या संध्याकाळी तिने बोटांना मलम लावलं आणि दुसऱ्या हाताने पाटीवर लिहून दाखवलं. 'दाले.' खाली 'नो ले देस.' त्याला दे, त्याला देऊ नको. मग 'लाबाला', खाली 'नो ला लाबेस.' मग 'दीमेलो', ते मला सांग, आणि खाली 'नो मे लो दीगास', ते मला सांगू नकोस. मी पाहत राहिले. नकार आला की चिकटलेले सगळे सुटत होते. 'ले' असो, 'ला' असो, 'मे' आणि 'लो' अशी जोडी असो, शेपटीवरून उठून पुढे येत आणि क्रियापदाच्या आधी सुटे उभे राहत. क्रियापदही तोंड बदली, 'दा'चं 'देस' होई, 'लाबा'चं 'लाबेस'. सगळ्यांच्या पुढे 'नो'.

मी तिला म्हटलं, म्हणजे 'नो' ऐकू आलं नाही तरी चालेल. 'ले' कुठे आहे ते पाहिलं की पुरे.

ती हसली. तशी ती फार हसत नसे. म्हणाली, हे मला माझ्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेव्हापासून ती मला 'तू' म्हणून बोलू लागली. शिकवताना ती 'तू'चे शब्द सांगे, पण प्रत्यक्ष काम सांगताना आधी 'त्राइगामे' म्हणे, मला आणून द्या. आता 'त्राएमे' म्हणू लागली. मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते. सासरी मला सगळे 'तू'च म्हणत, पण त्या 'तू'ची जात वेगळी होती.

आता कंपाउंडर. तळोद्याचाच, बारा वर्षं त्या खिडकीत बसलेला, मिश्या तेल लावून वळवलेल्या. सिस्टरच्या आधी होती तीही स्पॅनिशच, त्यामुळे याला दोनशे शब्द येत, आणि त्या दोनशे शब्दांवर तो गावभर मिरवत असे. शब्द येत, म्हणजे नावं आणि कामं येत. 'आग्वा' पाणी, 'कोमेर' खाणं. मधले बारके शब्द तो गाळून टाकी. मी आल्यावर चार महिन्यांत सिस्टर माझ्याशी सलग बोलू लागली, आणि त्याच्या मिश्या उतरल्या. तो मला 'मास्तरीण' म्हणे. नवऱ्याने टाकलेली हेही म्हणे, पण ते पाठीमागे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता रनाळ्याची एक बाई दाखल झाली. माझ्याच वयाची, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. मुदतीचा ताप, ज्यात आतडं आतून चिघळतं. सासरच्यांनी बैलगाडीतून आणून टाकली आणि गेले; पाठोपाठ तिची आई आली ती खाटेशीच बसली. तीन आठवडे ताप हटला नाही. सिस्टर रात्रंदिवस तिच्यावर होती. पाणी, ताक, भाताची पेज गाळून, एवढंच. तिचे केस गळले, हाडं वर आली, आणि मग एके दिवशी सकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशीही चढला नाही. तिसऱ्या दिवशी तिला भूक लागली.

ज्याने तसा ताप पाहिला नाही त्याला ती भूक कळणार नाही. ती दिवसभर एकच बोलत होती.

"माय, माले भूक लागनी शे. एक घास दे ना."

तिच्या आईने सिस्टरला विचारलं. सिस्टर तेव्हा घाईत होती. डोंगरातल्या एका पाड्यावरून माणूस आला होता, तिथे बाळंतीण दोन दिवस अडली होती. सिस्टर पिशवी भरता भरता म्हणाली की सांगते, विचार करून सांगते, आणि निघाली. संध्याकाळी परत येणार होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाड्यावरचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. त्याने ती पागोट्यात खोचली होती, आणि वाटेत नाल्याला छातीइतकं पाणी असताना तो उतरला होता. सिस्टर लिहीत असे ती कॉपिंग पेन्सिलीने. कोरडी असेतोवर काळसर दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन फुटते. चिठ्ठीची डावी वरची बाजू जांभळी झाली होती. पहिला शब्द गेला होता. पुढचं सगळं शाबूत होतं.

मी चिठ्ठी खिडकीतल्या फळीवर ठेवून वाचली. डाग, मग 'ले देस दे कोमेर.' पुढच्या ओळीत 'दाले आग्वा एर्बीदा.' तिला उकळलेलं पाणी दे. खाली, उद्या येते.

मला वाचायला दोन क्षणही लागले नाहीत, हे मी इथे लिहून ठेवते. पाण्यासाठी तिने 'दाले' लिहिलं होतं, जोडून. खाण्यासाठी 'ले' पुढे होता, सुटा, आणि 'दा'चं 'देस' झालं होतं. एकाच बाईने, एकाच पेन्सिलीने, एकाखाली एक. जांभळ्या डागाखाली 'नो' होतं. तिला खायला देऊ नको.

कंपाउंडर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. खाटेवरच्या बाईची आईही उठून आली होती. तिला आशा होती की मी वाचून दाखवीन.

"बाई, काय लिखेल शे मडमबाईनी?"

मी तोंड उघडायच्या आत कंपाउंडरने 'कोमेर'वर बोट ठेवलं.

"खावाले दे, असं लिखेल शे," तो म्हणाला. "हाई दख, 'देस' म्हंजे दे, 'कोमेर' म्हंजे खानं."

मी म्हटलं, नाही. इथला शब्द पुसला आहे. तो 'नो' आहे.

"'नको' कोठे शे? माले दखाड."

मी त्याला दाखवू लागले. 'ले' पुढे आला आहे म्हणजे नकार आहे. द्यायचं असतं तर 'दाले' लिहिलं असतं, हे खाली पाहा, पाण्याला तसंच लिहिलं आहे. तो ऐकत नव्हता. मी बोलत असताना तो त्या म्हातारीकडे पाहत होता, आणि मला कळत होतं की तिला माझं काही समजत नाही. तिला एवढंच दिसत होतं की चिठ्ठीत खाणं आहे आणि ही टाकलेली बाई ते देऊ देत नाही.

"पुसायनं ते पुसायनं," कंपाउंडर म्हणाला. "जे ऱ्हायनं ते वाच. तू चार महिना पहिले उनी, मी बारा साल पासून आठे शे. उद्या पोर भूक्याच मरी गई तर मडमबाईले कोन जबाब देई? तू?"

म्हातारीने माझे पाय धरले. खाटेवरून ती पोर माझ्याकडे पाहत होती.

तेव्हा मला 'के ते मेहोरेस' आठवलं. बरे झालेले पेशंट घरी जायला निघाले की सिस्टर दारात उभी राहून हे म्हणे, बरी हो, असा आशीर्वाद. त्यात 'ते' पुढे असतो आणि 'नो' नसतं, 'के' असतं. मग डागाखाली 'के' असेल तर? मी स्वतःला हे विचारलं, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. सिस्टर 'के' आशीर्वादाला वापरी. मला काम सांगताना तिने ते कधी, एकदाही वापरलं नव्हतं. तरी मी त्या 'के'ला धरून बसले, कारण ते धरलं की मला भांडावं लागत नव्हतं. नवऱ्याशी भांडून मी घर घालवलं होतं. आता हा दवाखानाही घालवायचा का, एवढाच विचार माझ्या मनात होता, आणि तो मी आजवर कुणापाशी कबूल केलेला नाही.

मी म्हटलं, मला नीट वाचता येत नाहीये.

एवढंच बोलले आणि मागे स्वयंपाकघरात पाणी उकळायला गेले. चिठ्ठीतला जो हुकूम मला सोयीचा होता तो मी पाळला.

म्हातारीने ज्वारीची भाकर दुधात कुस्करून भरवली. अर्धी. मी दारातून पाहिलं. पोर खाताना रडत होती, आणि आई हसत होती. नंतर ती शांत झोपली. कंपाउंडरने मला ते मुद्दाम बोलावून दाखवलं.

संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट फळीसारखं कडक झालं आणि नाडी हाताला लागेना. सिस्टर दुपारी आली तेव्हा ती अजून होती. सिस्टरने चादर वर केली, पोटाला हात लावला आणि चादर पुन्हा नीट घातली. तासाभराने ती पोर गेली. तिच्या आईने आक्रोश केला नाही. ती मला म्हणाली, "पोटभर खाई गई, तेवढं तरी झायं." मला त्यापेक्षा शिवी चालली असती.

सिस्टरने कंपाउंडरला विचारलं, खायला कुणी दिलं. त्याने चिठ्ठी काढून दिली. खरं तर चांगली जपून ठेवली होती त्याने. चिठ्ठीत होतं तेच केलं, असं तो म्हणाला. सिस्टरने चिठ्ठी उजेडात धरली. किती वेळ धरली कोण जाणे. मग मला आत बोलावलं, औषधाच्या कपाटापाशी, आणि दार लोटलं.

तिने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. 'ले'वर नख ठेवलं. विचारलं, हे तुला दिसलं होतं का? मग म्हणाली, "दीमेलो."

ते मला सांग. 'दी', 'मे', 'लो', तिन्ही एका शब्दात, माझ्या पाटीवरच्यासारखं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला वाटतं, मी हो म्हटलं असतं तर तिने मला मारलं असतं आणि मग जवळ घेतलं असतं. पण हे मला आज वाटतं. तेव्हा मला फक्त माझी पेटी दिसत होती, आणि ती घेऊन वडिलांच्या दारात उभी असलेली मी.

मी म्हटलं, "नो लो बी." मला ते दिसलं नाही.

वाक्य अगदी शुद्ध होतं. साध्या विधानात 'लो' क्रियापदाच्या आधीच येतो, तो मी आधीच ठेवला. उच्चारही बरोबर केला. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीची घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बादली मागितली. "त्राइगामे," ती म्हणाली. मला आणून द्या.

मला वाटलं चुकून निघालं. नव्हतं. त्या दिवसापासून सहा वर्षं ती मला 'तुम्ही' म्हणाली. द्या, आणा, धुवा, बसा. कामात कधी उणं बोलली नाही, पगार कधी चुकवला नाही, मला सुईण व्हायला शिकवलं, डोंगरात बरोबर नेलं. पाटी मात्र पुन्हा काढली नाही. माझी स्पॅनिश जेवढी होती तेवढीच राहिली. कंपाउंडर तिथेच होता, मिश्यांना तेल लावून. त्याला ती आधीही 'तुम्ही'च म्हणायची, त्यामुळे त्याचं काहीच गेलं नाही. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले होते.

कधी कधी मी स्वतःची समजूत काढी. त्या तापात आतडं तसंही फुटतं, भाकर न खाताही फुटतं. एकदा सिस्टरनेच दुसऱ्या एका पेशंटच्या वेळी असं सांगितलं होतं. पण ते तिने सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

सिस्टरची छाती खराब झाली आणि तिला मुंबईच्या मठात बोलावून घेतलं. नंदुरबार स्टेशनवर सुरतेच्या गाडीत बसवायला मी गेले होते, सामानासाठी. सकाळ होती, फलाटावर कापसाच्या गाठी पडल्या होत्या आणि एक कुत्रं त्यांच्या सावलीत झोपलं होतं. ती लाकडी बाकावर बसली होती, आधीपेक्षा निम्मी. खोकल्यावर रुमाल तोंडाशी नेई आणि तो न पाहता घडी करून ठेवी. गाडीला अवकाश होता.

मी सहा वर्षं जे वाक्य घोकत होते ते बाहेर काढलं. "पेर्दोनेमे," मी म्हटलं. मला क्षमा करा. 'मे' शेवटी, चिकटलेला, मागण्याचा. मग म्हटलं, सिस्टर, ती चिठ्ठी, त्या दिवशी मला...

तिने हात वर केला. पेशंटला शांत पडून राहा म्हणताना करायची तसा.

"नो मे लो दीगा," ती म्हणाली.

ते मला सांगू नका. 'मे' आणि 'लो' पुढे, सुटे. 'दीगा', म्हणजे 'तुम्ही'चं. एवढं सगळं मला एका श्वासात कळलं, कारण तिनेच शिकवलं होतं. तिला आधीपासून माहीत होतं. कपाटापाशी, चिठ्ठीवर नख ठेवलं तेव्हाच माहीत होतं, आणि तिने मला एकदा विचारलं होतं, एकदाच.

गाडी आली. मी सामान चढवलं, पाण्याची सुरई खिडकीशी ठेवली. तिने आभार मानले. गाडी हलली तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या शेतांकडे पाहत होती. दीड वर्षाने ती गेल्याचं कळलं.

त्यानंतर मी चाळीसेक वर्षं सुईणपण केलं, म्हसावदपासून डोंगरापर्यंत. स्पॅनिश बोलायला कुणीच उरलं नाही. त्या भाषेतलं बहुतेक सगळं विसरले. एवढं राहिलं आहे की कुणी मला मराठीत काही सांगू लागलं, तर मी अजून शेवटपर्यंत थांबते. आमच्याकडे 'नका' शेवटी येतं, आणि तोवर ऐकणाऱ्याला वाटत राहतं की कदाचित 'सांगा' म्हणतील. तिने तेवढाही वेळ दिला नाही. तिच्या भाषेत तो द्यायची सोय नव्हती, आणि असती तरी मी तो मागायच्या लायकीची नव्हते.